दुसऱ्या वर्षाचं शिष्यवृत्ती नूतनीकरण: मागच्या वर्षाचे गुण आणि हजेरी कशी धरायची?

घाटंजी_रोड

नमस्कार मंडळी. माझी लहान बहीण घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावातून येजा करून बीएस्सी करते. विद्यापीठ अमरावतीचं. बारावीच्या गुणांवर तिला केंद्र सरकारची पदवीची शिष्यवृत्ती लागली, वर्षाला १२,००० रुपये. पहिल्या वर्षाचे पैसे खात्यात आले. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून scholarships.gov.in वर नूतनीकरणाचा अर्ज भरला. गावात नेट नीट चालत नाही, त्यामुळे तालुक्याला जाऊन एका सेवा केंद्रातून भरून घेतला.

काल पाहिलं तर अर्जावर Defective असं आलंय. कॉलेजनं शेरा टाकलाय की मागच्या वर्षाचे गुण गुणपत्रिकेशी जुळत नाहीत आणि हजेरीचा दाखला जोडावा. केंद्रवाल्यानं मागच्या वर्षाची टक्केवारी म्हणून ६०.१८ भरली होती. ती दुसऱ्या सत्राच्या गुणपत्रिकेवरची आहे.

पहिल्या सत्राची गुणपत्रिका वेगळी आहे. त्यात रसायनशास्त्राच्या लेखी पेपरला ६० पैकी १७ मिळाले आणि तो विषय राहिला. बेरजेच्या खाली एसजीपीएच्या जागी नुसती आडवी रेघ छापलीय. आता कोणता आकडा भरायचा? आणि विषय राहिला म्हणजे शिष्यवृत्ती गेलीच का? बहिणीनं दोन दिवसांपासून नीट जेवण केलं नाही. तिच्या येण्याजाण्याचा आणि पुस्तकांचा खर्च यातूनच निघतो.

आर्णी_ई_सेवा

दादा, एवढं टेन्शन घेऊ नका. दोन्ही सत्रांच्या टक्केवारीची सरासरी काढायची आणि तीच भरायची. मी माझ्या केंद्रातून दरवर्षी असेच अर्ज भरतो, कुठं अडकत नाही. हजेरीचं म्हणाल तर ते फक्त सांगायला असतं. कॉलेजच्या बोनाफाईडवर भागून जातं.

पहिल्या सत्राचे एकूण गुण किती आहेत ते सांगा, लगेच काढून देतो.

घाटंजी_रोड

पहिलं सत्र ५०० पैकी २४१, दुसरं सत्र ५५० पैकी ३३१.

आर्णी_ई_सेवा

४८.२० आणि ६०.१८. सरासरी ५४.१९. हेच भरा.

वाशीम_शिष्यवृत्ती_टेबल

थांबा, ५४.१९ भरू नका. तो अर्ज परत फिरेल.

मी एका अनुदानित महाविद्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते, पडताळणीचं काम माझ्याकडेच असतं. आम्ही काय पाहतो ते सांगते. समोर दोन गुणपत्रिका ठेवतो, दोन्हींचे मिळालेले गुण एकत्र करतो, कमाल गुण एकत्र करतो आणि भाग देतो. तुमच्या बहिणीचे २४१ अधिक ३३१ म्हणजे ५७२. कमाल ५०० अधिक ५५० म्हणजे १०५०. ५७२ भागिले १०५० केलं की ५४.४८ टक्के येतात. अर्जात हाच आकडा हवा.

आर्णीच्या भाऊंचे अर्ज अडकत नाहीत, त्याला कारण आहे. दोन्ही सत्रांचे कमाल गुण सारखे असले तर सरासरी काढा नाहीतर बेरीज करून भागा, उत्तर एकच येतं. जुन्या अभ्यासक्रमात बहुतेक वेळा तसंच असायचं. आता श्रेयांक आले आणि एका सत्रात २०, दुसऱ्यात २२ असं झालं की कमाल गुण बदलतात, आणि तिथे सरासरी चुकते. फरक पाव-अर्ध्या टक्क्याचा असला तरी पडताळणी करणाऱ्याच्या हातातला आकडा वेगळा आणि अर्जातला वेगळा, मग मंजुरी कशी द्यायची?

नुसत्या दुसऱ्या सत्राची टक्केवारी भरणं तर मोठीच गडबड आहे. नूतनीकरणाला संपूर्ण वर्षाचे गुण लागतात. या योजनेत अट अशी आहे की वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि किमान ७५ टक्के हजेरी हवी, शिवाय रॅगिंग किंवा बेशिस्तीची तक्रार नको. ६०.१८ लिहिलेलं पाहिलं की तपासणाऱ्याला वाटतं, पहिलं सत्र लपवलंय. तुमच्या बहिणीचं तर वर्षाचं गणित ५० च्या वरच आहे, लपवण्यासारखं काही नाहीच.

डिफेक्टिव्ह म्हणजे नाकारलेला नव्हे. अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याकडे परत पाठवलाय एवढाच त्याचा अर्थ. लॉगिन करून बदल करा आणि पुन्हा सादर करा, तो परत कॉलेजच्याच लॉगिनला येईल. फक्त दुरुस्तीची शेवटची तारीख वेगळी असते, ती पोर्टलवर पाहून घ्या. नाकारला असता तर या वर्षी हातात काही राहिलं नसतं.

कारंजा_शेतकरी

माह्या पोराचे मागच्या वर्षीचे पैसेच अजून आले नाही. अर्ज सगळा मंजूर दाखवते. बँकेत गेलो तं म्हणतात आमच्याकडं काहीच आलं नाही. मॅडम, त्याचेबी गुण चुकले असतीन का? त्याले तं ७१ टक्के आहेत.

वाशीम_शिष्यवृत्ती_टेबल

काका, मंजूर झालाय म्हणजे गुणांचा प्रश्न नाही. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात आणि एका आधारला सरकारी पैशासाठी एकच बँक जोडलेली असते. पोरानं मध्ये कुठं पोस्टाचं किंवा दुसरं खातं उघडलं असेल तर सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात, पासबुक कोणतंही दिलेलं असो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहा, तिथे बँकेचं नाव दिसेल. मग त्या बँकेत जा.

कारंजा_शेतकरी

पोस्टाचं खातं उघडलं होतं त्यानं, सिमकार्ड घेतलं त्या टायमाले. उद्या पोस्टात जा लागते मंग.

घाटंजी_रोड

मॅडम, फार आधार वाटला. पण हजेरीचं आमचं अवघड आहे. कॉलेजच्या बाबूंनी तिला तोंडीच सांगितलं की तुझी हजेरी ७५ च्या खाली आहे. पहिल्या सत्रात आईचं ऑपरेशन झालं, त्यातच कापूस वेचायला बाया मिळेनात. ती बरेच दिवस घरीच होती. वडील म्हणतात, अर्ज सोडून दे. मला सोडायचा नाही.

आर्णी_ई_सेवा

मॅडम, बेरजेचं तुमचं बरोबर वाटतंय, पुढच्या अर्जांना ध्यानात ठेवतो. पण ७५ टक्के हजेरी महाडीबीटीवर असते ना? आणि तिथंही राजर्षी शाहूवाल्या योजनेला ५० टक्केच लागते. दादा, ५० च्या वर असेल तर चालून जाईल.

वाशीम_शिष्यवृत्ती_टेबल

राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला मागच्या सत्राची ५० टक्के हजेरी लागते, हे खरं. पण ती राज्याची योजना आहे, पोर्टलही वेगळं. इथे विषय केंद्राच्या योजनेचा आहे आणि तिला ७५ च लागते. एका योजनेची अट दुसरीला लावली की मुलांचं नुकसान होतं.

घाटंजीचे भाऊ, तोंडी आकड्यावर जाऊ नका. कॉलेजकडून सत्रनिहाय लेखी हजेरी मागा: किती तासिका झाल्या, ती किती तासिकांना हजर होती. आणि एक विचारते, बहीण रासेयोत किंवा एनसीसीत आहे का? किंवा विद्यापीठाच्या खेळाला वगैरे गेली होती का?

घाटंजी_रोड

रासेयोत आहे. जानेवारीत सात दिवसांचं निवासी शिबिर झालं, दुसऱ्या गावात. पूर्ण सात दिवस होती, प्रमाणपत्र घरी आहे. त्याचा इथे काय संबंध?

निवृत्त_प्राध्यापक_पुसद

संबंध आहे, आणि मोठा आहे. मी बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. शिबिरात गेलेला विद्यार्थी कॉलेजच्याच कामावर असतो, त्यामुळे त्या दिवसांच्या तासिका हजर म्हणून धरायच्या असतात. पण वर्गशिक्षक हजेरी घेतात तेव्हा पोरगी वर्गात नसते, ते गैरहजेरीचं टिंब मारतात. शिबिर संपलं की कार्यक्रम अधिकाऱ्यानं नावांची यादी प्राचार्यांच्या सहीनं प्रत्येक विभागाला पाठवायची असते. ती पाठवायची राहून गेली, किंवा पाठवली पण विभागात कुणी हजेरीपटात उतरवलीच नाही, असं सर्रास होतं. मुलांना हे ठाऊकच नसतं आणि वर्षाअखेरी त्यांची हजेरी कमी निघते. माझ्या डोळ्यांसमोर चांगली पोरं यात अडकलेली आहेत, म्हणून कळकळीनं लिहितोय.

बहिणीला सांगा, शिबिराच्या प्रमाणपत्राची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्यायचा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी रासेयोच्या निवासी शिबिरात होते, त्या दिवसांच्या तासिका माझ्या हजेरीत धराव्यात. त्यावर कार्यक्रम अधिकाऱ्याची शिफारस घ्यायची. आवक क्रमांक टाकून एक प्रत स्वतःजवळ ठेवायची.

आईच्या ऑपरेशनचे दिवस मात्र असे आपोआप धरले जात नाहीत. तिथं दवाखान्याचे कागद लावून विनंती करता येते, प्राचार्य काय ते ठरवतात. वेचणीसाठी तर काहीच सवलत नाही. आपल्या भागात दिवाळीच्या पुढेमागे वर्ग अर्धे रिकामे असतात, हे कोणत्याही प्राध्यापकाला विचारा. त्याचा विचार नियम करणाऱ्यांनी करायला हवा असं माझं ठाम मत आहे.

गडचिरोली_बीए_२

मी गोंडवाना विद्यापीठाची. माझ्या गुणपत्रिकेवर गुण आहेत आणि एसजीपीए पण. मैत्रीण म्हणाली एसजीपीएला १० ने गुण आणि भर. माझा एसजीपीए ६.४० आहे पण गुणांवरून टक्के ५९.६० येतात. ६४ भरू की ५९.६०? मी महाडीबीटीचा अर्ज भरतेय, इथे विचारलेलं चालेल ना?

वाशीम_शिष्यवृत्ती_टेबल

विचार की ग बाई. गुणपत्रिकेवर प्रत्यक्ष गुण छापलेले असतील तर गुणांवरूनच टक्के काढायचे, ५९.६० भर. श्रेणीगुण टप्प्याटप्प्यानं दिलेले असतात. एका टप्प्यात बसणाऱ्या दोघींचे गुण वेगळे असले तरी श्रेणीगुण एकच, म्हणून त्याला १० ने गुणून खरे टक्के मिळत नाहीत. गुण छापलेलेच नसतील तर विद्यापीठानं दिलेलं रूपांतराचं सूत्र वापरायचं, ते बऱ्याचदा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला असतं. मनानं १० ने गुणायचं नाही. आणि पहिल्या वर्षाची ओळ चालू अभ्यासक्रमाच्या माहितीत पूर्ण झालेलं वर्ष म्हणून भरायला विसरू नकोस, दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका एकाच फाइलमध्ये जोड.

घाटंजी_रोड

आज बहिणीसोबत मी स्वतः कॉलेजात गेलो. बाबूंनी हजेरीपट काढून आमच्यासमोर आकडे लिहून दिले. पहिल्या सत्रात ३१० तासिका झाल्या, ती २०८ ला हजर. दुसऱ्या सत्रात ३४० झाल्या, २६२ ला हजर. एकूण ६५० पैकी ४७०, म्हणजे ७२.३१ टक्के.

मग शिबिराच्या तारखा हजेरीपटात पाहिल्या. प्राध्यापक साहेब म्हणाले तसंच निघालं. सात दिवसांत एक रविवार सोडून सहा दिवस ओळीनं गैरहजेरी लागलेली. चार दिवस पाच-पाच तासिका, दोन दिवस चार-चार. कार्यक्रम अधिकारी मॅडम तिथेच होत्या, त्यांनी लगेच यादीत नाव दाखवलं.

निवृत्त_प्राध्यापक_पुसद

चार पंचे वीस आणि वर आठ, म्हणजे २८ तासिका. ४७० मध्ये २८ मिळवले की ४९८. ६५० नं भागा, ७६.६२ टक्के. ७५ ची अट ती पार करते. लेखी अर्ज आजच द्या.

घाटंजी_रोड

दिला सर. प्राचार्यांनी शेरा मारून कार्यालयाला पाठवला. दाखला परवा मिळेल म्हणाले.

पण एक शंका. पहिल्या सत्राची हजेरी एकटी पाहिली तर ६७ टक्केच येते. सत्रनिहाय ७५ लागते की वर्षाची?

आर्णी_ई_सेवा

प्रत्येक सत्राला लागते असं मी ऐकलंय. परीक्षेला बसायलाच ७५ लागते ना.

वाशीम_शिष्यवृत्ती_टेबल

परीक्षेला बसू द्यायचं की नाही ही विद्यापीठाची बाब आहे. तिथे कमी हजेरी माफ करण्याची तरतूद असते आणि ती परीक्षेला बसलेली आहे, तो विषय संपला. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाकडे आम्ही वर्षाचा विचार करून पाहतो, कारण गुणही वार्षिकच धरतो आणि नूतनीकरण वर्षातून एकदाच होतं. मी तरी दाखल्यावर दोन्ही सत्रं वेगळी दाखवून खाली वर्षाची एकूण टक्केवारी लिहिते, म्हणजे पुढे राज्य पातळीवर कुणी विचारलं तर लपवाछपवी नाही. तुमच्याही कॉलेजला तसाच दाखला मागा. शिबिराच्या २८ तासिका वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा, नाहीतर हजेरीपटावरचे ४७० आणि दाखल्यावरचे ४९८ जुळत नाहीत म्हणून पुन्हा शंका निघेल.

यवतमाळ_तृतीय_वर्ष

दादा, रसायनशास्त्राचं काय ठरलं? त्याच्यावर कुणी बोललंच नाही. मला पण पहिल्या वर्षी एक विषय राहिला होता, कॉलेजनं पडताळणीत थेट नाकारला. एकूण टक्के माझे ५२ होते.

वाशीम_शिष्यवृत्ती_टेबल

हा मुद्दा नाजूक आहे आणि कॉलेजागणिक वेगळा हाताळला जातो, हे मान्य. माझं वाचन असं: अट ५० टक्के गुणांची आहे, मुलगी नियमानं पुढच्या वर्षात गेलेली आहे, तर एक विषय राहिला एवढ्यावरून मी अर्ज अडवत नाही. काही सहकारी म्हणतात वर्ष पूर्ण उत्तीर्ण झाल्याशिवाय ५० टक्के मिळाले असं म्हणताच येत नाही. त्यांचं म्हणणंही उडवून लावता येत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की अर्जात निकालाबद्दल जे खरं आहे तेच भरा. विषय राहिलेला असताना उत्तीर्ण निवडलं आणि गुणपत्रिकेवर वेगळं दिसलं तर अर्ज चुकीच्या माहितीवर जातो, मग कुणी वाचवू शकत नाही.

यवतमाळ_तृतीय_वर्ष

म्हणजे माझ्या कॉलेजनं केलं ते बरोबर की चूक?

वाशीम_शिष्यवृत्ती_टेबल

तुमची कागदपत्रं न पाहता मी ते सांगणार नाही. नाकारताना काय शेरा लिहिला होता ते पाहा. तो हजेरीचाही असू शकतो.

घाटंजी_रोड

रसायनशास्त्राची पुनर्परीक्षा तिनं दिलीय. निकाल कालच ऑनलाइन लागला, १७ चे २९ झाले, विषय निघाला! मग आता बेरीजही बदलेल ना? २४१ चे २५३ होतात.

निवृत्त_प्राध्यापक_पुसद

तिचं मनापासून अभिनंदन. २५३ अधिक ३३१ म्हणजे ५८४, १०५० नं भागून ५५.६२ टक्के.

वाशीम_शिष्यवृत्ती_टेबल

वा, छान बातमी. पण ५५.६२ भरायचं असेल तर त्याची गुणपत्रिका जोडता आली पाहिजे. संकेतस्थळावरच्या निकालाची छापील प्रत काही कॉलेजं शिक्का मारून घेतात, काही घेत नाहीत. तुमच्या कार्यालयाला आधी विचारा. ते घेत असतील तर ५५.६२ भरा आणि जुनी गुणपत्रिका व नवीन निकाल दोन्ही जोडा. घेत नसतील आणि दुरुस्तीची तारीख जवळ आली असेल तर हातात असलेल्या गुणपत्रिकेप्रमाणे ५४.४८ भरून सादर करा, नवीन गुणपत्रिकेची वाट पाहत बसू नका. दोन्ही आकडे ५० च्या वर आहेत, त्यानं रकमेत एक रुपयाचा फरक पडत नाही. तारीख गेली तर मात्र सगळंच जाईल.

आणखी एक विचारायचं राहिलं. केंद्रवाल्यानं सोबत महाडीबीटीचाही अर्ज भरून दिलाय का?

घाटंजी_रोड

हो, तो म्हणाला दोन्हीकडे भरून ठेवू, जे लागेल ते लागेल.

वाशीम_शिष्यवृत्ती_टेबल

केंद्राची ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेता येत नाही, राज्याचीसुद्धा. तिची महाडीबीटीवर कोणती योजना आहे, त्यात फी किती सुटते, हे कागदावर मांडून बघा आणि एकच ठेवा. फी फार असेल तर कधीकधी राज्याची योजना जास्त फायद्याची पडते. तुमच्या अनुदानित बीएस्सीची फी किती आहे?

घाटंजी_रोड

फी थोडीच आहे, खर्च सगळा येण्याजाण्याचा आणि पुस्तकांचा. केंद्राचीच ठेवतो. महाडीबीटीचा अर्ज अजून कॉलेजच्या टेबलवरच आहे, उद्या मागे घ्यायला सांगतो.

घाटंजी_रोड

दाखला मिळाला. पहिलं सत्र २०८/३१०, दुसरं २६२/३४०, खाली रासेयो शिबिर २८, एकूण ४९८/६५०, ७६.६२ टक्के, प्राचार्यांची सही. कार्यालयानं ऑनलाइन निकालावर शिक्का मारून दिला म्हणून ५५.६२ भरलं. या वेळी सगळं बहिणीनं स्वतः माझ्या फोनवरून भरलं, प्रत्येक आकडा गुणपत्रिकेवर बोट ठेवून. पुन्हा सादर झाल्याची प्रिंट काढून कॉलेजात दिली. आता कॉलेजची पडताळणी बाकी दाखवतंय.

कारंजा_शेतकरी

पैसे पोस्टातच निघाले मॅडम. पूर्ण १२,०००. पोरगं म्हणते आता पहिलं बँकेचं खातं आधारले जोडून घेतो.

यवतमाळ_तृतीय_वर्ष

मी शेरा काढून पाहिला. त्यावर फक्त एवढंच आहे: पात्रता पूर्ण नाही. गुण की हजेरी, काहीच लिहिलेलं नाही. तिसऱ्या वर्षासाठी यावर कॉलेजकडं लेखी खुलासा मागता येतो का, कुणाला माहीत असेल तर सांगा.